घुमटातल्या चार खिडक्या

1692 साली फ्लोरेन्समधून युरोपातल्या गणितज्ञांकडे एक कोडे रवाना झाले. कोडे घालणाऱ्याने लॅटिन टोपणनाव घेतले होते, आणि त्यातली अक्षरे हलवून पुन्हा मांडली की ‘गॅलिलिओचा शेवटचा शिष्य’ असे शब्द तयार होत. हा शिष्य म्हणजे विंचेंझो विव्हियानी. दृष्टी गेलेल्या आणि नजरकैदेत असलेल्या गॅलिलिओपाशी त्याची अखेरची वर्षे जो किशोरवयीन मुलगा राहिला, तो आता सत्तरीला आला होता.

कोडे असे होते. प्राचीन ग्रीसमध्ये भूमितीला वाहिलेले एक मंदिर आहे. त्याच्यावर अर्धगोल घुमट आहे आणि घुमटात चार सारख्या खिडक्या आहेत. खिडक्यांची जागा वगळली, तर घुमटाचा जो भाग उरतो त्याच्याइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस अगदी नेमका काढता येतो. तर त्या खिडक्या कापल्या कशा असतील?

यातला पेच पाहण्यासारखा आहे. अर्धगोलाचे पृष्ठफळ 2πa² असते, म्हणजे त्यात π बसलेला आहे, आणि वर्तुळाइतका चौरस कंपास-पट्टीने काढण्याच्या प्रयत्नात तोवर दोन हजार वर्षे गेली होती. तो प्रयत्न मुळातच अशक्य आहे हे लिंडेमानने सिद्ध केले ते पुढे 1882 मध्ये. विव्हियानी म्हणत होता, की वक्र घुमटातून वक्र खिडक्या अशा कापता येतात की उरलेल्यातून π पूर्णपणे निघून जातो. लायब्निझने आणि जेकब बर्नुलीने हे कोडे सोडवले. त्यांच्या हातात नवे कलनशास्त्र होते. कोडे घालणाऱ्याचा जीव मात्र जुन्या ग्रीक भूमितीत होता.

आज पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हा प्रश्न एका सूत्राने सोडवतो. मला ते सूत्र फार आवडते, पण ते ज्या घाईने शिकवले जाते ती घाई आवडत नाही. कारण त्याच्या वर्गमुळाखाली जी बेरीज आहे तिला स्वतःचा असा अर्थ आहे, आणि तो कळला की घुमट आपोआप उलगडतो.

जमिनीवर D नावाचा एक प्रदेश आहे आणि त्यातल्या प्रत्येक बिंदूवर f(x, y) इतक्या उंचीला छत आहे असे धरू. या छताचे, म्हणजे f च्या आलेखाचे, पृष्ठफळ असे मिळते:

A = ∬_D √(1 + f_x² + f_y²) dx dy

इथे f_x आणि f_y ही आंशिक विकलजे आहेत. समजा x पूर्वेकडे आणि y उत्तरेकडे वाढतो. मग उत्तर-दक्षिण न हलता पूर्वेकडे सरकले तर छत ज्या दराने चढते तो दर f_x, आणि पूर्व-पश्चिम न हलता उत्तरेकडे सरकले तर ज्या दराने चढते तो f_y.

जमिनीवर Δx लांब आणि Δy रुंद असा इवलासा आयत घ्यावा. त्याच्या डोक्यावरचा छताचा तुकडा थोडा वक्र असेल, पण तुकडा पुरेसा लहान असेल तर त्याच्या जागी त्या बिंदूपाशी छताला टेकणाऱ्या स्पर्शप्रतलाचा तुकडा ठेवता येतो. तो असतो एक तिरपा, सपाट, समांतरभुज चौकोन. त्याचे क्षेत्रफळ काढायचे आहे. इथे बहुतेकांना सुचणारी पहिली वाट अशी: पूर्वेकडे जाणाऱ्या बाजूची लांबी √(1 + f_x²)·Δx, उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूची √(1 + f_y²)·Δy, मग दोन्हींचा गुणाकार करावा. ही वाट चुकीची आहे, आणि ती चुकते कुठे हे z = x + y या साध्या प्रतलावर लगेच दिसते. तिथे दोन्ही चढ 1 आहेत. गुणाकाराने उत्तर येते 2. पण त्या दोन तिरप्या बाजूंमधला कोन काटकोन नाही, 60 अंशांचा आहे. जमिनीवरच्या आयताचा काटकोन छतावर चढताना मिटत गेलेला असतो. म्हणून खरे क्षेत्रफळ 2·sin 60°, म्हणजे √3 येते. सूत्रातही 1 + 1 + 1 चे वर्गमूळ आहे, √3च.

मग 1 + f_x² + f_y² ही बेरीज आली कुठून? ती सावल्यांची आहे. तिरप्या तुकड्यावर सरळ वरून उजेड पाडला तर जमिनीवर त्याची सावली पडते, तिचे क्षेत्रफळ Δx·Δy. पश्चिमेकडून आडवा उजेड सोडला तर पूर्वेच्या भिंतीवर सावली पडते, ती भरते f_x·Δx·Δy. दक्षिणेकडून सोडला तर उत्तरेच्या भिंतीवरची सावली f_y·Δx·Δy. (चढ ऋण असला तरी सावली धनच धरायची, पुढे वर्ग होणार असल्याने त्याने काही बिघडत नाही.) आणि पायथागोरसचा नियम लांबीला जसा लागतो तसाच सपाट तुकड्याच्या क्षेत्रफळालाही लागतो: तीन परस्परलंब प्रतलांवर पडणाऱ्या सावल्यांच्या क्षेत्रफळांच्या वर्गांची बेरीज केली, की मूळ तुकड्याच्या क्षेत्रफळाचा वर्ग मिळतो. वर्गमुळाखालचा 1 ही जमिनीवरची सावली आहे, आणि बाकीच्या दोन भिंतींवरच्या.

सूत्रात f स्वतः कुठेच नाही, हेही इथे नोंदवायला हवे. छत दहा मीटर वर उचलले तरी पृष्ठफळ तेवढेच राहते. पृष्ठफळाला उंचीशी काही देणेघेणे नाही, त्याला फक्त उताराशी कर्तव्य आहे. आणि उताराची दिशा कोणती हेही ते विचारत नाही, उतार किती एवढेच विचारते. वाटीसारखे z = (x² + y²)/2 आणि खोगिरासारखे z = xy ही दोन पृष्ठे यामुळेच मला विलक्षण वाटतात. एक सगळीकडून वर वळते, दुसरे एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली. पण दोन्हींच्या वर्गमुळाखाली 1 + x² + y² हीच राशी येते. एकाच वर्तुळावर उभारली तर दोन्हींना लागणारा पत्रा सारखाच. आणि तरीही, न ताणता, न फाडता एकाचा पत्रा दुसऱ्यावर बसवता येत नाही.

आता घुमटाकडे येऊ. त्रिज्या a असलेल्या अर्धगोलाची उंची f = √(a² − x² − y²). तिची आंशिक विकलजे काढली तर f_x = −x/f आणि f_y = −y/f. मग 1 + (x² + y²)/f² याचे a²/f² होते आणि वर्गमूळ घेतल्यावर राहते a/f. म्हणजे घुमटाच्या कोणत्याही बिंदूपाशी जमिनीवरच्या चौरस मीटरमागे छत किती, तर त्रिज्या भागिले तिथली उंची. शिखरावर हे प्रमाण 1 आहे. उंची निम्म्यावर आली की 2. कडेला उंची शून्य होते, घुमट उभ्या भिंतीसारखा होतो आणि प्रमाण अनंताकडे जाते. तरी एकूण बेरीज मर्यादेतच राहते, कारण प्रमाण जिथे फार मोठे आहे तो पट्टा फार अरुंद आहे.

हे नेमके पाहायचे तर जमिनीवर केंद्रापासूनचे अंतर r घेऊन बाहेर बाहेर जावे. केंद्राभोवतीच्या अरुंद कड्यावरचे छत भरते 2πr·dr गुणिले a/√(a² − r²). पण r·dr/√(a² − r²) म्हणजे त्या कड्यात घुमट जितका खाली उतरला तितकी उंची. म्हणून कड्याचे पृष्ठफळ होते 2πa गुणिले उतरलेली उंची. कडे शिखराजवळचे असो की तळाजवळचे, उतरण सारखी तर पृष्ठफळ सारखे. ही गोष्ट आर्किमिडीजला ठाऊक होती. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास हा नियम दिला, आणि त्याच ठिकाणी लल्लाचा जुना नियम खोडून काढला. लल्लाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. क्षेत्रफळाला लांबीने गुणले तर ते क्षेत्रफळ राहतच नाही. भास्कराचार्य केवळ खोडून थांबले नाहीत. स्वतःच्या टीकेत त्यांनी गोलाची कडी पाडली, दरेक कड्याचे फळ ज्यामूल्यांच्या आधारे काढले आणि बेरीज केली. संकलनाची भाषा त्यांच्यापाशी नव्हती, पण पृष्ठ बारीक तुकड्यांत मोडायचे आणि तुकड्याला त्याची स्वतःची तिरपी रुंदी द्यायची, ही दृष्टी होती.

विव्हियानीच्या खिडक्या पडतात त्या वृत्तचितीने. गोलाची त्रिज्या a असेल तर a व्यासाची, म्हणजे a/2 त्रिज्येची वृत्तचिती घ्यायची आणि ती गोलाच्या मध्याला स्पर्श करून आरपार जाईल अशी बसवायची. दुसरी तशीच तिच्या शेजारी, मध्याच्या पलीकडे. दोन वृत्तचिती आरपार गेल्या की पूर्ण गोलाला चार खिडक्या पडतात, दोन वर आणि दोन खाली. वृत्तचितींच्या दोन्ही अक्षांमधून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला, तर घुमटात चार अर्ध्या खिडक्या येतात. अक्षांना लंब प्रतलाने कापला, तर दोन पूर्ण. क्षेत्रफळ दोन्हीकडे तेच, म्हणून हिशेबाला दुसरा प्रकार घेऊ.

जमिनीवर खिडकीची सावली आहे a व्यासाचे वर्तुळ. केंद्रातून θ कोनात निघाले तर ते r = a·cos θ इथे संपते, आणि θ जातो −90° पासून 90° पर्यंत. एका अरुंद कोनी फाकेत छत किती येईल? कड्यांच्या हिशेबात जे दिसले तेच इथेही: a गुणिले उतरलेली उंची, गुणिले dθ. शिखराची उंची a. फाकेच्या टोकाशी उंची √(a² − a²cos²θ). या वर्गमुळाचे सोपे रूप a·sin θ असे लिहून पुढे जाणे हा या उदाहरणातला सगळ्यात प्रसिद्ध खड्डा. तसे केले तर संकलनात sin θ चा धन अर्धा भाग ऋण अर्ध्या भागाशी कटतो आणि एका खिडकीचे उत्तर πa² येते. कागदावर ते निर्दोष दिसते. पण दोन खिडक्यांचे 2πa² झाले, म्हणजे अख्खा घुमट! आणि जमिनीवर पाहावे तर दोन्ही वर्तुळांची मिळून सावली πa²/2, घुमटाच्या पायाच्या जेमतेम निम्मी. निम्म्या पायावर छतच नाही, असे कसे होईल? चूक पकडायला पुन्हा संकलन करायची गरज नाही, सावली पुरते. टोकाची उंची a·|sin θ| आहे. उंची ऋण असू शकत नाही एवढेच लक्षात ठेवायचे होते.

बरोबर हिशेब असा. दोन्ही बाजू सममित आहेत, म्हणून 0 पासून 90° पर्यंत a²(1 − sin θ) चे संकलन करून दुप्पट करावे: 2a²(π/2 − 1), म्हणजे a²(π − 2). दोन खिडक्यांचे 2πa² − 4a². घुमटाच्या 2πa² मधून हे वजा केले की उरते 4a². π गेला. व्यास 2a, त्याचा चौरस 4a². घुमट 10 मीटर त्रिज्येचा असेल तर एकूण पृष्ठ सुमारे 628.3 चौरस मीटर, प्रत्येक खिडकी सुमारे 114.2, आणि उरलेला भाग नेमका 400. कोड्यातला चौरस तो हाच, घुमटाच्या व्यासावरचा.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. खिडक्यांनी पायाची निम्मी जागा घेतली, पण पृष्ठाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडासाच अधिक भाग नेला. कारण खिडक्यांचा मोठा भाग शिखराकडच्या सौम्य उतारावर आहे, आणि उरलेली जागा कडेच्या खड्या उतारावर. सावली सारखी, छत वेगळे.

इथपर्यंत सूत्र निमूटपणे चालले, कारण आपण छताच्या जागी स्पर्शप्रतलाचे तुकडे ठेवले. पण स्पर्शप्रतलच का? पृष्ठावर बिंदू घ्यावेत, ते जोडून त्रिकोण करावेत, त्रिकोणांची क्षेत्रफळे मिळवावीत आणि त्रिकोण बारीक करत न्यावेत. वक्राची लांबी आपण तशीच तर मोजतो. एकोणिसाव्या शतकातल्या सेरेच्या नावाजलेल्या फ्रेंच पाठ्यपुस्तकात पृष्ठफळाची व्याख्या याच धर्तीवर होती. 1880 मध्ये हेर्मान श्वार्त्झने दाखवले की ती चालत नाही. 1882 मध्ये इटलीत पेआनोलाही स्वतंत्रपणे हेच सापडले.

श्वार्त्झने उदाहरण निवडले ते अगदी साध्या वृत्तचितीचे. त्रिज्या 1, उंची 1. ती m आडव्या पट्ट्यांत विभागायची, प्रत्येक सीमारेषेवर n बिंदू घ्यायचे, आणि एक सोडून एक ओळ अर्ध्या घराने सरकवून बिंदू त्रिकोणांनी जोडायचे. दिसायला हा कागदी कंदिलासारखा घाट होतो. m आणि n दोन्ही वाढवले की सगळे त्रिकोण वृत्तचितीला हवे तितके जवळ येतात. पण त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज? m आणि n सारख्याच वेगाने वाढले तर खरे उत्तर, 2π. m हा n² इतका ठेवला तर बेरीज खऱ्याच्या सुमारे पाचपटीकडे जाते. n³ इतका ठेवला तर अनंताकडे.

कारण पुन्हा उतारच आहे. n बिंदूंच्या कड्यात जीवा वर्तुळाच्या आत साधारण π²/2n² इतकी दबते. पट्टीची उंची 1/m. m = n² असेल तर दबणे आणि उंची यांचे गुणोत्तर कितीही बारीक गेले तरी π²/2 वरच अडकून राहते; म्हणजे प्रत्येक त्रिकोण पृष्ठाशी जवळजवळ 78.5 अंशांचा कोन करून उभा असतो आणि हा कोन कधीच मिटत नाही. त्रिकोणांची टोके पृष्ठावर आहेत, तोंडे मात्र भलतीकडे. पन्हळी पत्र्याचे पाहा ना. लाटेची उंची आणि रुंदी दोन्ही एकाच प्रमाणात कमी करत गेले, म्हणजे z = (1/n)·sin(nx) घेऊन n वाढवत नेला, तर पत्रा सपाट प्रतलात बुडून जातो, पण त्याचे पृष्ठफळ सपाट पत्र्याच्या सुमारे 1.216 पटीवरच राहते. उंची शून्याला पोचली, उतार पोचला नाही. म्हणून ‘पृष्ठाच्या जवळ’ एवढे म्हणून पृष्ठफळाचे भागत नाही. तुकड्यांचे कलही पृष्ठाच्या कलाजवळ यायला हवेत. स्पर्शप्रतलाच्या तुकड्याचा कल आपल्या बिंदूपाशी मुळातच बरोबर असतो, आणि f_x, f_y सलग असतील तर शेजारीही तो फारसा ढळत नाही. सूत्राचा भरवसा एवढ्यावर उभा आहे.

श्वार्त्झचे उदाहरण पुस्तकी वाटते, पण डोंगराचे पृष्ठफळ काढायला बसले की तो कंदील समोर उभा राहतो. डोंगराचे f कुणी सूत्रात लिहून देत नाही. हाती असते उंचीची चौकट: ठरावीक अंतरावरचे बिंदू आणि प्रत्येकाची मोजलेली उंची. शेजारच्या दोन उंचींतला फरक भागिले अंतर, हाच f_x चा अंदाज. आता प्रत्येक उंचीत सुमारे 1 मीटरची, एकमेकींशी संबंध नसलेली चूक आहे असे समजा. जमीन प्रत्यक्षात अगदी सपाट असली तरी दोन चुकांच्या फरकातून खोटा उतार तयार होतो. तो कधी धन, कधी ऋण असतो आणि उंचीच्या सरासरीत कटून जातो. पण पृष्ठफळात त्याचा वर्ग येतो आणि वर्ग कटत नाहीत. चूक नेहमी पृष्ठफळ फुगवतेच. बिंदू 30 मीटरवर असतील तर ही फुगवट टक्क्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे नगण्य. अधिक बारकाईच्या हौसेने बिंदू 1 मीटरवर आणले आणि उंचीची चूक तेवढीच राहिली, तर सपाट मैदानाचे पृष्ठफळ दुपटीच्या आसपास जाते.

ही फुगवट ओळखता येते. तीच उंची 30, 60, 90 मीटरच्या चौकटीत घेऊन पृष्ठफळ पुन्हा काढावे. जमीन त्या मापावर गुळगुळीत असेल तर उत्तरे जवळजवळ सारखी येतात. चौकट बारीक होताच उत्तर झपाट्याने वाढत असेल, आणि ठाऊक असलेल्या सपाट भागावर, एखाद्या तलावावर किंवा मिठागरावर, तीच वाढ दिसत असेल, तर वाढते आहे ती चूक, डोंगर नव्हे. सपाट भागावर वाढ नसेल आणि कड्याकपारींवर असेल, तर मात्र डोंगरच खरोखर खडबडीत आहे. खडकाला खाचा, खाचेत भेगा, भेगेत कण. प्रत्येक बारीक मापावर नवा उतार निघतो आणि f_x, f_y कुठल्याच एका आकड्यावर स्थिरावत नाहीत. अशा वेळी पृष्ठफळाचा आकडा सांगताना तो किती मीटरच्या चौकटीवर काढला हेही सांगावे लागते.

आणि हे नुसत्या हिशेबापुरते राहत नाही. उतारावरची माती किती, किती पृष्ठावर ऊन पडते, किती जागेला गवत धरते, असले प्रश्न खऱ्या पृष्ठाचे असतात, सावलीचे नव्हेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाची चौकट वेगळी. गवताच्या मुळाला जो उतार आहे तो उन्हाच्या हिशेबात विरून जातो. उन्हाच्या हिशेबातला उतार तिथे उगवणाऱ्या शेवाळाला जाणवतही नाही. सूत्र तेच राहते, f कोणता घ्यायचा हे मात्र मोजणाऱ्यालाच ठरवावे लागते.